पाय टेकणारी सीट आणि गुडघ्याची वाटी

भाचीने सायकल घेतली तेव्हा दुकानात तिला सीटवर बसवून दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का एवढंच पाहिलं. टेकले. मग "तुमच्या मापाची झाली" म्हणून सायकल हातात दिली. तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने नेवऱ्यापर्यंत जायची, खाली किनाऱ्यालगत काही त्रास नाही, पण चढ लागला की मांडीच्या पुढच्या भागाला आग लागते आणि घरी आल्यावर जिना उतरताना वाटीच्या खाली दुखतं. "मामा, सायकल माझ्यासाठी नाहीच बहुतेक."

सायकल ठीक होती. सीट चांगली साडेचार सेंटिमीटर खाली होती. नवख्या माणसाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त वेळा हीच चूक दिसते, म्हणून ती कशी ओळखायची आणि कशी सुधारायची ते सविस्तर लिहितो. पण आधी पायात काय चालतं ते हाताला लागायला हवं. नुसती सीट वर केली तर का केली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी माणूस परत खाली करतो.

पडवीतला प्रयोग

सायकल भिंतीला समांतर उभी करा. जुन्या ट्यूबच्या तुकड्याने मागच्या ब्रेकची मूठ घट्ट बांधून टाका, म्हणजे चाक फिरणार नाही. सीटवर बसा, एक हात भिंतीला, दुसरा मोकळा. आता सायकलच्या उजव्या बाजूला एक मोठं घड्याळ आहे असं समजा. पायडल सगळ्यात वर म्हणजे १२, पुढच्या बाजूला आडवं म्हणजे ३, सगळ्यात खाली ६, मागे ९.

उजवं पायडल २ वर आणा आणि जोर लावा. चाक हलणार नाही, पण स्नायू खरं काम करतील. मोकळा हात मांडीच्या पुढच्या भागावर ठेवा. दगडासारखा लागेल, विशेषतः गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा जो उंचवटा असतो तो. हे क्वाड्रिसेप्स, गुडघा सरळ करणारे स्नायू. आता हात मागे नेऊन कुल्ल्यावर ठेवा. तोही आवळलेला असेल. हा ग्लूटियस मॅक्सिमस, खुब्यातून मांडी मागे ढकलणारा. सायकल पुढे नेणारा बहुतेक जोर या दोघांतून येतो. पाय १२ ला पोचायच्या थोडा आधी दोघे जागे होतात आणि साधारण ४ वाजेपर्यंत काम करतात. सर्वांत जास्त जोर ३ च्या आसपास पडतो, कारण तिथे क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, आडवा असतो आणि खाली दिलेला दाब पुरेपूर कामी येतो.

पायडल ४ वर आणून परत दाबा आणि हात मांडीखाली, गुडघ्याच्या मागे न्या. तिथे दोन्ही बाजूंना दोऱ्यांसारख्या शिरा ताणलेल्या लागतील. त्या खरं तर शिरा नव्हेत, हॅमस्ट्रिंगच्या कंडरा आहेत. आता गंमत बघा. मांडीचा पुढचा भाग अजून कडक आहे आणि मागचाही. पुढचा गुडघा सरळ करू पाहतोय, मागचा वाकवू पाहतोय. मग हे दोघे एकमेकांत भांडत का नाहीत?

हा प्रश्न जुना आहे. वॉरेन लोम्बार्ड या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०३ साली तो मांडला आणि आजही त्याला लोम्बार्डचा विरोधाभास म्हणतात. उत्तर असं, की हॅमस्ट्रिंग दोन सांध्यांवरून जातात. गुडघ्यापाशी ते वाकवतात खरे, पण खुब्यापाशी मांडी मागे नेतात, म्हणजे तिथे ते कुल्ल्याचे मदतनीस. शिवाय पाऊल मोकळं नाही, ते पायडलवर आहे आणि पायडलला वर्तुळ सोडून कुठे जाता येत नाही. क्वाड्रिसेप्स पावलाला पुढे रेटतात, हॅमस्ट्रिंग मागे खेचतात. दोघांचं प्रमाण बदलत गेलं की जोराची दिशा वळत जाते: १२ ला पुढे, ३ ला खाली, ६ ला मागे. घड्याळात ६ जवळ येईल तसा पुढचा स्नायू हात काढून घेतो आणि मागचा ७-८ पर्यंत चालू राहतो. पावसाळ्यात ओटीवर चढताना पायरीच्या कडेला चपलेची तांबडी माती खरवडतो, तोच हा झटका. पायडल ६ वर ठेवून तसं करून बघा, मांडीची मागची बाजू लगेच सांगेल.

पोटरीबद्दल लोकांचा गैरसमज असतो की ती पायडल ढकलते. थोडं ढकलते, पण तिचं मोठं काम घोटा घट्ट धरायचं. आंबे काढायच्या झेल्याचा बांबू लिबलिबीत असला तर खालून कितीही ओढा, देठ तुटत नाही. तसंच घोटा सैल राहिला तर कुल्ल्याचा आणि मांडीचा जोर टाच खाली दाबण्यातच संपेल, पायडलपर्यंत जाणार नाही. म्हणून १ वाजून गेल्यापासून पार ८ पर्यंत पोटरी ताणलेली असते.

राहिला पाय वर येण्याचा भाग, ७ ते ११. इथे जांघेतला खोल स्नायू मांडी उचलतो, क्वाड्रिसेप्सपैकी एकटा जो खुब्यावरूनही जातो तो त्याला हात देतो, आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू पावलाचा पुढचा भाग वर धरतो. पण यात फारसा जोर निर्माण होत नाही. वर येणारा पाय बराचसा खाली जाणाऱ्या पायाच्या जिवावर वर येतो. आपण उचलला तर त्याचं ओझं कमी होतं इतकंच. "पायडल वर खेचा" हा सल्ला नवख्याने कानाआड करावा, असं माझं मत आहे. साध्या पायडलवर तर खेचायला पकडच नसते.

सीट खाली असली की काय होतं

पाय खाली गेल्यावर गुडघा किती वाकलेला राहतो, ही यातली कळीची गोष्ट. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश. सायकलवर स्थिर बसून, पायडल खाली ठेवून मोजलं तर २५ ते ३५ अंश वाकलेला गुडघा बहुतेकांना मानवतो. भाचीचा निघाला ५० च्या आसपास.

म्हणजे तिचा गुडघा कधी मोकळाच होत नव्हता. जोर लावायचा सगळा टप्पा तो खूप वाकलेला. वाकलेल्या गुडघ्यावर क्वाड्रिसेप्सने ओढ घेतली की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि गुडघा जितका जास्त वाकलेला तितका त्याच ओढीचा वाटीवरचा दाब जास्त. सखल रस्त्यावर ओढच कमी, म्हणून काही कळत नाही. चढावर कळतं. त्यात ती जड गियर न बदलता रेटत होती. तिची दुखायची जागा पाहूनच मला अंदाज आला: समोर, वाटीखाली, आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त.

दुसरं नुकसान मागच्या स्नायूंचं. पाय पुरता लांबच होत नाही, त्यामुळे कुल्ला आणि हॅमस्ट्रिंग यांना आपलं काम तडीस न्यायला वाव कमी मिळतो आणि पुढच्या मांडीवर भार येतो. स्नायूंना इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मोजमापांत कुल्ल्याचे आकडे माणसागणिक वेगळे येतात, त्यामुळे "सीट इतकी खाली तर कुल्ल्याचं काम इतकं कमी" असं ठोक गणित कोणी देऊ नये. मांडीच्या पुढच्या भागाला आग लागते आणि मागे काहीच जाणवत नाही, ही तक्रार मात्र बहुधा खाली असलेल्या सीटचीच.

माप कसं घ्यायचं

पहिली गोष्ट, पायाची आतली लांबी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पाय वीतभर अंतरावर ठेवून उभे राहा. दोन पायांमध्ये जाड वही आडवी धरून तिची वरची कड सीट टोचेल इतकी जोरात वर दाबा आणि कडेच्या उंचीला भिंतीवर पेन्सिलने खूण करा. लाजून हलकेच धरली तर माप दोन सेंटिमीटरने कमी येतं. भाचीचं आलं ७४ सेंटिमीटर.

याला ०.८८३ ने गुणा: ६५.३. क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून, सीटच्या दांड्याच्या रेषेत, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत हे अंतर असावं, असं एक प्रसिद्ध सूत्र सांगतं. दुसरं जुनं सूत्र आतल्या लांबीच्या १०९ टक्के घेतं, पण ते खाली असलेल्या पायडलच्या आसापासून मोजायचं. ७४ चे १०९ टक्के ८०.७, त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला तर ६३.७. म्हणजे एकाच पायासाठी दोन सूत्रांत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक. यावरून सूत्राची लायकी ओळखा. गावाचा पत्ता ते देतं, घर आपल्यालाच शोधायचं असतं. तिची सीट होती ६० वर, म्हणजे दोन्ही सूत्रांच्या वेशीबाहेर.

घर शोधायची साधी रीत टाचेची. सायकल भिंतीला धरून बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. कंबर न कलता पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नेहमीच्या जागी, म्हणजे बोटांच्या मागच्या गादीवर आणलं की गुडघा आपोआप थोडा वाकतो. हे करताना रोजचेच बूट किंवा चप्पल घाला. आपल्याकडे माणूस शनिवारी बुटात आणि एरवी चपलेत सायकल चालवतो. पातळ चप्पल आणि जाड तळाचा बूट यांत एक-दीड सेंटिमीटर सहज जातो, आणि तो सीट तितकी वरखाली करण्यासारखाच आहे.

खात्री करायची तर मोबाइलवर फोटो काढा. खुब्याच्या बाहेर हाताला लागणारं हाड, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मध्य आणि घोट्याचं बाहेरचं हाड, या तीन ठिकाणी टिकल्या चिकटवा. सायकलपासून दोन-तीन मीटरवर, गुडघ्याच्या उंचीवरून, अगदी बाजूने फोटो घ्या. पायडल खाली आणि पाऊल चालवताना असतं तसंच, मुद्दाम टाच दाबून नव्हे. फोटोत टिकल्या रेघांनी जोडा आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने गुडघ्यातला कोन मोजा. तो १४५ ते १५५ आला, तर गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला आहे. चालत्या सायकलवर हाच गुडघा काही अंश जास्त वाकतो, म्हणून चालत्या व्हिडिओतल्या आकड्याशी हा आकडा ताडू नका.

वर कशी घ्यायची

इथे एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला. सीट एक सेंटिमीटर वर केल्याचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. भाचीच्या पायाच्या मापांनी हिशेब मांडला तर गुडघा ५० अंश वाकलेला असताना एक सेंटिमीटरने सुमारे ४ अंशांचा फरक पडतो, ३५ च्या आसपास ५ अंशांचा, आणि पाय जवळजवळ सरळ होत आला की ७ अंशांचा. म्हणजे खूप खाली असलेली सीट एकदम दोन सेंटिमीटर वर घेतली तरी चालतं. योग्य उंचीच्या जवळ आलात की मात्र ५ मिलिमीटर, आणि शेवटी २-३ मिलिमीटर. प्रत्येक बदलानंतर तीन-चार फेऱ्या त्याच उंचीवर.

तिची सीट पहिल्या दिवशी ६० वरून ६२ वर नेली. खरी अडचण इथे आली. "मामा, पाय टेकत नाहीत!"

टेकणारच नाहीत, कारण बरोबर उंचीवर बसल्या जागी तळवे टेकतच नाहीत. थांबताना सीटवरून पुढे, फ्रेमच्या आडव्या दांड्याच्या वर उतरायचं असतं. शाळेच्या मैदानात अर्धा तास तेवढंच केलं. वेग कमी, एक पायडल खाली, त्यावर वजन देऊन कुल्ला सीटवरून उचल, पुढे ये, दुसरा पाय जमिनीवर. निघताना उलट: एक पायडल २ वर आण, त्यावर उभी राहा, सायकल सुटली की मग सीटवर बस. विसाव्या वेळेपर्यंत तिची भीती गेली. ही सवय लागल्याशिवाय कोणाचीही सीट वर ठेवू नये, बाजारपेठेत एस.टी.समोर नको तो प्रसंग येतो.

मग ६३, मग ६३.५, ६४, ६४.५. पाच आठवडे गेले. ६५ वर नेल्यावर तिच्या आईला मागून बघायला सांगितलं, तर कंबर दर फेरीला डावी-उजवीकडे झुलत होती आणि खाली जाताना बोटं जमिनीकडे वळत होती. पाय पुरत नाही म्हणून शरीर उंची चोरत होतं, कधी कमरेतून, कधी घोट्यातून. घोट्याची चोरी फसवी असते. गुडघ्याचा कोन फोटोत बरा दिसतो, पण पोटरी रात्री आखडते. परत ६४.५ वर आलो आणि तिथेच थांबलो. कोन ३२.

आणखी एक हिशेब विसरू नये. सीटचा दांडा मागे कललेला असतो, त्यामुळे साडेचार सेंटिमीटर वर जाताना तिची सीट सव्वा सेंटिमीटरभर मागेही गेली. हँडल लांब वाटायला लागलं, तेव्हा सीटखालचा बोल्ट सैल करून ती साधारण तितकीच पुढे घेतली. दांड्यावर किमान खोलीची रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर लांब दांडा आणायचा, तडजोड नाही.

उंच झाल्याची खूण

ही चूक माझी स्वतःची. बऱ्याच वर्षांपूर्वी गुहागरला निघायच्या आदल्या संध्याकाळी कोणाचं तरी ऐकून मी सीट तीन सेंटिमीटर वर केली. गणपतीपुळ्यापर्यंत राजा होतो, पाय छान लांब होतायत असं वाटत होतं. मालगुंडच्या पुढे उजव्या गुडघ्याच्या मागे, बाहेरच्या कंडरेशी ओढ लागली. जयगडला तवसाळच्या फेरीबोटीत चढलो तेव्हा सायकलचा आधार घेऊन चालत होतो.

पाय जवळजवळ सरळ होतो तिथे हॅमस्ट्रिंग आणि पोटरी दोघे गुडघ्यामागे आधीच ताणलेले असतात, आणि नेमकं ५ ते ७ च्या टप्प्यात त्यांनाच काम करायचं असतं. ताणलेल्या अवस्थेत मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा हिसका बसला की कंडरा तक्रार करते. म्हणून ढोबळ नियम: गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. बहुधाच. पुढून दुखण्यामागे जड गियरही असू शकतो, म्हणून चढाच्या पायथ्याशीच गियर हलका करून बघा आणि मग सीटला हात लावा. सूज आली, गुडघा अडकायला लागला किंवा सायकल न चालवताही दुखत राहिला तर पाना खाली ठेवून हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

बरोबर उंची सापडली की दांडा फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे चिकटपट्टीचा एक वेढा द्या. समुद्राकाठी याला वेगळंच महत्त्व आहे. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजतो, पकड सैल होते आणि सीट रोज केसभर खाली सरकते. किंवा उलट, दांडा फ्रेममध्ये असा बसतो की हातोड्यानेही हलत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा दांडा बाहेर काढून पुसायचा, धातूचा असेल तर ग्रीसचा पातळ हात द्यायचा. कार्बनच्या दांड्याला ग्रीस चालत नाही, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

ऑगस्टमध्ये भाचीचा फोन आला, वाटीखाली परत जरा दुखतंय. मी म्हटलं, आधी चिकटपट्टी बघ गो. पट्टी फ्रेमच्या तोंडाशी चुरगळून गोळा झाली होती आणि सीट ६३.७ वर बसली होती.